तळघराच्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग: मेंब्रेन, संरक्षक बोर्ड आणि निचऱ्याचा थर

पुण्यात एप्रिल-मे महिन्यात तळघराचा खड्डा खणला की तळाशी बऱ्याचदा कोरडा खडक लागतो. खड्ड्यात पाण्याचा टिपूस नसतो, आणि मालक विचारतो, "इथे पाणीच नाही, मग भिंतीला बाहेरून एवढा खर्च कशाला?" नव्या साइट इंजिनिअरकडे याचं उत्तर तयार असायला हवं.

बेसाल्ट हा दगड स्वतः फारसं पाणी सोडत नाही. पाणी चालतं ते त्याच्या सांध्यांमधून आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरातून. आपण खडकात खड्डा खणतो, मधोमध इमारत उभी करतो आणि खडक व भिंत यांच्यामधल्या फटीत सैल भराव टाकतो. जुलैत या फटीत पाणी उतरतं, पण कडेच्या खडकातून ते लवकर बाहेर पडत नाही. म्हणजे आपणच इमारतीभोवती एक हौद बांधलेला असतो. भूजलाची पातळी खोल असली तरी या हौदात पाणी जवळपास जमिनीपर्यंत चढू शकतं. म्हणून बोअरच्या उन्हाळी नोंदीवर विसंबू नका. पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत येणार असं धरूनच काम आखा.

आकडे समजायला एक उदाहरण पूर्ण लेखभर वापरू. तळघर ३० मीटर बाय १८ मीटर, म्हणजे भिंतीची एकूण लांबी ९६ मीटर. आरसीसी भिंत ३०० मिमी जाड. राफ्ट ६०० मिमी जाड आणि भिंतीच्या बाहेर ३०० मिमी निघालेला. राफ्टचा माथा जमिनीपासून ३.३ मीटर खाली. पाण्याचा दाब दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे साधारण एक टन वाढतो. म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी चौरस मीटरला ३.३ टन दाब येतो, आणि एक मीटर लांबीच्या भिंतीवर पाण्याचा एकूण रेटा साधारण साडेपाच टन होतो. हा रेटा पेलणं भिंतीचं, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइनचं काम आहे. आपलं काम एवढंच की त्या दाबाखालच्या पाण्याला भिंतीत शिरायला वाट मिळू नये.

मेंब्रेन बाहेरून लावण्याचं कारण इथेच आहे. बाहेर लावलेल्या मेंब्रेनला पाणी भिंतीवर दाबून धरतं. आतून लावलेल्या कोटिंगला तेच पाणी मागून ढकलतं, आणि कधी ना कधी ते फुगून सुटतं. आतली बाजू दुरुस्तीसाठी ठेवा, मुख्य बंदोबस्त बाहेरच करा.

या पद्धतीला एक अट आहे. भिंतीच्या बाहेर माणसाला उभं राहून काम करता येईल अशी जागा हवी, निदान ८०० मिमी, एक मीटर असेल तर चांगलं. मुंबईत चिंचोळ्या प्लॉटवर शोअर पाइलला चिकटूनच भिंत ओतावी लागते. तिथे ही पद्धत चालत नाही. तिथे आधी मेंब्रेन लावून त्यावर काँक्रीट ओतायची वेगळी पद्धत वापरतात. या लेखात खुल्या खड्ड्याचंच काम आहे.

पंप आणि राफ्टचं वजन

मेंब्रेनच्या आधी पंपाचं बोलू, कारण पावसाळ्यात अर्धवट असलेल्या कामाला सगळ्यात मोठा धोका तिथे असतो. राफ्टच्या तळाशी पाण्याची उंची ३.३ अधिक ०.६, म्हणजे ३.९ मीटर. वर ढकलणारा दाब चौरस मीटरला ३.९ टन. सहाशे मिमी राफ्टचं वजन चौरस मीटरला फक्त १.५ टन. म्हणजे राफ्ट आणि भिंती झाल्या, वरचे स्लॅब अजून पडायचे आहेत, आणि भराव करून पंप बंद केले तर राफ्ट उचलला जाऊ शकतो, निदान त्याला तडे जाऊ शकतात. पंप कोणत्या टप्प्यानंतर बंद करायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. तोंडी "दोन स्लॅब झाले की चालेल" हे पुरेसं नाही, कारण नंतर एखादा स्लॅब पुढे ढकलला की हिशोबच बदलतो.

मेंब्रेनच्या कामासाठीही खड्डा कोरडा हवा. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात राफ्टच्या तळापेक्षा खोल सम्प करा, पाणी तिथे वळवा, आणि मेंब्रेनची जागा सतत कोरडी ठेवा.

राफ्टखालची शेपटी

राफ्टखालच्या पीसीसीवर आधी मेंब्रेन अंथरतात, त्यावर ५० मिमी संरक्षक स्क्रीड घालतात, मग सळई बांधून राफ्ट ओततात. हे मेंब्रेन राफ्टच्या कडेच्या बाहेर निदान ३०० मिमी मोकळं सोडायचं असतं. साइटवर याला शेपटी म्हणतात. पुढे भिंतीचं मेंब्रेन खाली येतं ते याच शेपटीवर जोडलं जातं. त्यामुळे ही शेपटी टिकली नाही तर राफ्ट आणि भिंत यांच्यामधला जोड राहतच नाही.

आणि ही शेपटी महिना-दीड महिना उघडी असते. सळई बांधणारे तिच्यावरून चालतात, शटरिंगचे धिरे तिच्यावर टेकतात, काँक्रीटची लापशी तिच्यावर सांडते. भिंत झाल्यावर ती शोधली तर तिच्यावर दगडासारखा सिमेंटचा थर असतो आणि खालून ती फाटलेली असते. म्हणून राफ्ट ओतण्याआधीच तिच्यावर पॉलिथिन पसरून त्यावर कमी सिमेंटचा मॉर्टर टाका. पुढे हा मॉर्टर पहारीने सहज निघतो आणि खालचं मेंब्रेन स्वच्छ मिळतं. फाटलेला भाग दिसला तर त्या जागी नवा तुकडा जोडा, चारही बाजूंनी निदान १५० मिमी चढ देऊन. फाटलेलं तसंच झाकून पुढे जाऊ नका. शेपटी नीट करायला पुन्हा संधी नाही.

भिंतीची तयारी

गळती होते ती बहुतेक वेळा मेंब्रेनच्या मधोमधून होत नाही. काँक्रीटमध्ये आधीच असलेल्या जागा तिला वाट देतात. त्या चार आहेत: राफ्ट आणि भिंतीमधला सांधा, टाय रॉडची छिद्रं, हनीकोंब, आणि भिंतीतून जाणारे पाइप.

राफ्टवर भिंतीचा स्टार्टर ओततात आणि मग वरची भिंत. या सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप किंवा पाण्याने फुगणारी पट्टी घालतात. फुगणारी पट्टी भिंत ओतण्याआधी भिजली तर ती तिथेच फुगते आणि तिचा उपयोग संपतो. पावसाळी काम असेल तर ती शटरिंग बंद करण्याच्या अगदी आधी लावा. दोन्ही बाजूंनी पुरेसं काँक्रीटही हवं, पट्टी सळईच्या बाहेर कडेला ठेवली तर फुगताना ती कडच फोडते.

टाय रॉडचा प्रश्न मोठा आहे, कारण तिथे भिंतीतून आरपार छिद्र असतं. आपल्याकडे पीव्हीसीच्या नळीतून टाय रॉड घालतात आणि शटरिंग काढल्यावर नळी तशीच राहते. नळीच्या तोंडावर थोडं सिमेंट लिंपून काम संपलं असं समजू नका, कारण नळीच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पाणी येतं. बाहेरच्या बाजूने नळीभोवती साधारण २५ मिमी खोल खड्डा कोरा, नळी आत कापा, आणि नॉन-श्रिंक ग्राउटने पूर्ण लांबी भरा. भिंतीवर अशी शेकडो छिद्रं असू शकतात. प्रत्येकावर खडूने आकडा घाला, भरलं की खूण करा. या कामाला दुसरा सोपा मार्ग मी पाहिलेला नाही.

हनीकोंब दिसला तर तो नुसता लिंपायचा नाही. घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडा, कडा चौकोनी करा, भिजवून पॉलिमर मॉर्टरने भरा. खोल असेल तर ग्राउटिंगच करा. शटरिंगच्या जोडाला निघालेल्या काँक्रीटच्या धारा ग्राइंडरने घासून सपाट करा, कारण मेंब्रेन तिथे ताणलं जाऊन फाटतं.

शेवटी वाटा. राफ्टचा माथा आणि भिंत जिथे काटकोनात भेटतात तिथे पॉलिमर मॉर्टरने ५० बाय ५० मिमी तिरपा वाटा मारा. मेंब्रेन काटकोनात वळवलं की त्याच्या मागे पोकळी राहते, आणि पाण्याचा दाब त्याला पोकळीत ढकलून चिरतो. बाहेरच्या धारदार कडा, म्हणजे राफ्टची वरची बाहेरची कड, घासून थोडी गोल करा.

पाइप शक्यतो या भिंतीतून नेऊच नका. ड्रेनेजचा पाइप वरून नेता येत असेल तर वरून न्या, थोडी जादा लांबी परवडते. नेणं भागच असेल तर पडल फ्लँज, म्हणजे भोवती कडं असलेला पाइपचा तुकडा, काँक्रीटमध्येच ओता, नंतर कोरून पाइप बसवू नका.

सुकी भिंत आणि प्रायमर

टॉर्चने चिकटवायच्या मेंब्रेनला भिंत कोरडी हवी. क्युरिंगचं पाणी थांबल्यावर काही दिवस जाऊ द्या. तपासायची एक साधी पद्धत आहे: साधारण ४५० मिमी चौरस पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी टेपने पक्का चिकटवा आणि १६ तास सोडा. काढल्यावर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा काँक्रीट गडद पडलं असेल, तर अजून थांबा. ओल्या भिंतीवर टॉर्च मारली की आतलं पाणी वाफ होतं, मेंब्रेन चिकटल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी फुगे दिसतात.

मग तारेचा ब्रश मारून धूळ झाडा आणि बिटुमेनचा प्रायमर लावा. चौरस मीटरला साधारण पाव लिटर लागतो. आपल्या उदाहरणातल्या जवळपास ४३० चौरस मीटरला साधारण ११० लिटर. काँक्रीट खडबडीत असेल तर जास्त जातो. बोट लावून पाहा: काळं बोटाला लागलं तर अजून ओला आहे. ओल्या प्रायमरवर आगीचा टॉर्च नेणं धोक्याचंही आहे, कारण त्यातला द्रावक पेटतो. आणि जेवढी भिंत आज झाकली जाईल तेवढ्यालाच प्रायमर मारा, नाहीतर उद्या त्यावर धूळ बसलेली असते.

मेंब्रेन लावणं

मी इथे एपीपी बिटुमेन मेंब्रेन धरतोय, ४ मिमी जाड, आत पॉलिएस्टरचं जाळं, वर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा. खनिज खडीचा थर असलेलं मेंब्रेन गच्चीसाठी असतं, जमिनीखाली घेऊ नका. रोल एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब, वजन चाळीस किलोच्या आसपास. एवढ्या दाबासाठी मी दोन थरच घालेन. एकाच थरात एका माणसाची एक चूक पुरते, दोन थरांत त्याच जागी दोन चुका व्हाव्या लागतात.

पट्टी भिंतीवर उभी लावतात. पूर्ण उंचीची पट्टी उभी धरून टॉर्च मारणं जमत नाही, वजनाने ती खाली घसरते. म्हणून ती दोन-अडीच मीटरच्या तुकड्यांत कापून खालून वर लावा. शेजारच्या पट्टीवर १०० मिमी चढ, आणि खालच्या-वरच्या तुकड्यांच्या जोडाला १५० मिमी चढ. एका ओळीतले आडवे जोड सरळ रेषेत येऊ देऊ नका, खाली-वर करा. दुसरा थर घालताना पहिल्या थराच्या जोडावर दुसऱ्याच्या पट्टीचा मधला भाग येईल असं सरकवा.

आता रोलचा हिशोब, कारण इथे माल कमी पडतो. एका पट्टीची लांबी मोजा: शेपटीवर १५० मिमी, राफ्टची कड ६००, राफ्टचा माथा ३००, भिंत ३३००, जमिनीच्या वर १५०. बेरीज ४.५ मीटर, अधिक मधल्या जोडाचे १५० मिमी, म्हणजे ४.६५ मीटर. पट्टीची उपयोगी रुंदी ९०० मिमी, म्हणून ९६ मीटरला १०७ पट्ट्या. एका रोलमधून दोनच पट्ट्या निघतात आणि ७०० मिमी उरतो. म्हणजे एका थराला ५४ रोल, दोन थरांना १०८. नवखा माणूस क्षेत्रफळ ४३२ चौरस मीटर, दुप्पट करून दहाने भागतो आणि ८७ रोल मागवतो. उरलेले ७०० मिमीचे तुकडे वाया जात नाहीत. साधारण ३३० मिमी रुंदीच्या पट्ट्या काढून ते कोपऱ्यांवर मजबुतीची पट्टी म्हणून वापरा. राफ्टची खालची बाहेरची कड, वरची कड आणि वाट्याची रेषा, अशा तीन रेषांपैकी दोन त्यात भागतात. तिसऱ्यासाठी चार रोल जादा धरा. एकूण ११२. या कोपऱ्याच्या पट्ट्या मुख्य थराच्या आधी लावायच्या.

टॉर्च कशी मारायची? आच रोलच्या आतल्या बाजूवर आणि भिंतीवर फिरवत राहा. पॉलिथिनचा पापुद्रा आक्रसून नाहीसा होतो, खालचं बिटुमेन चमकायला लागतं. त्या क्षणी दाबून चिकटवा. आच एकाच जागी थांबली तर बिटुमेन जळून धूर काळा होतो आणि आतलं पॉलिएस्टरही वितळून उघडं पडतं. जोडावर रोलर दाबला की कडेतून बिटुमेनची ५ ते १० मिमी रुंद काळी रेघ सलग बाहेर यायला हवी. हीच जोड झाल्याची खूण. रेघ तुटक असेल तर तिथे पाणी शिरेल. जोड थंड झाल्यावर बोथट करणी कडेला सरकवून पाहा, आत शिरली तर पुन्हा आच द्या.

आणि संपूर्ण पृष्ठभाग चिकटवा, ठिपके ठिपके नको. पूर्ण चिकटलेल्या मेंब्रेनला भोक पडलं तर पाणी त्याच जागी अडकतं. सैल मेंब्रेनमागे ते भिंतीभर पसरतं, आणि आतून जिथे ओल दिसते तिथून भोक दहा मीटरवर असू शकतं.

खंदकातल्या आगीबद्दल एक गोष्ट विसरू नका. एलपीजी हवेपेक्षा जड आहे. एक मीटर रुंद आणि चार मीटर खोल खंदकात तो गळला तर खाली साचून राहतो आणि ठिणगी मिळेपर्यंत दिसत नाही. सिलिंडर खंदकात उतरवू नका, वर ठेवा आणि लांब नळी खाली सोडा. नळीचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. खाली एकटा माणूस नको, चढायला शिडी आणि अग्निशामक हाताशी हवा. मुरमाच्या कडा उभ्या सोडल्या असतील तर त्या ढासळू शकतात. उतार किंवा टेकू दिल्याशिवाय खाली माणूस उतरवू नका.

वरची कड जमिनीच्या १५० मिमी वर थांबते. तिथे भिंतीत २५ मिमीची खाच कापून मेंब्रेन आत वळवा, किंवा अॅल्युमिनिअमची पट्टी २०० ते ३०० मिमी अंतरावर स्क्रूने घट्ट करा, आणि वर पॉलिसल्फाइड सीलंट भरा. ही कड राहिली तर पावसाचं पाणी वरून मेंब्रेनच्या मागे उतरतं, आणि मग खालचं सगळं चांगलं असूनही भिंत ओलावते.

संरक्षक बोर्ड

मेंब्रेन चिकटलं की ते अर्धा दिवसही उघडं सोडायला मन धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. सळईचा तुकडा, फावडं, भरावातला टोकदार खडा, यातलं काहीही ते फोडू शकतं. म्हणून भराव येण्याआधी त्यावर बोर्ड लावतात. ३ ते ६ मिमीचा बिटुमेनचा बोर्ड चालतो, किंवा २५-५० मिमी एक्सपीएसची शीट, ती थोडी महाग पण धक्का चांगला झेलते. जुन्या पद्धतीत अर्ध्या विटेची भिंत बांधत. ती मजबूत असते, पण बांधताना विटेचे कोपरे आणि मॉर्टर मेंब्रेनलाच लागतात.

बोर्ड खिळ्याने ठोकू नका. ठोकलेला खिळा मेंब्रेन फोडतो, आणि वरून बोर्ड असल्यामुळे ते कुणाला दिसतही नाही. बिटुमेनच्या ठिपक्यांनी किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने तात्पुरता धरा, नंतर भरावच त्याला दाबून ठेवतो. बोर्डांच्या कडा एकमेकांना भिडवून लावा, राफ्टच्या कडेवरही लावा, कारण खडी तिथेच पडते. बोर्ड लावण्याआधी मेंब्रेनची तपासणी संपलेली असली पाहिजे. एकदा झाकलं की पुन्हा दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक जागेचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

निचऱ्याचा थर

बोर्डावर निचऱ्याची डिंपल शीट येते. ही एचडीपीईची, साधारण ८ मिमी उंचीचे गोल उठाव असलेली, आणि एका बाजूला जिओटेक्स्टाइल कापड चिकटवलेली. कापडाची बाजू मातीकडे, सपाट बाजू बोर्डाकडे. उलटी लावली तर माती उठावांमध्ये भरते आणि पाण्याची वाट बंद होते. ही चूक फार होते, कारण दोन्ही बाजू काळ्या-करड्या दिसतात. लावताना हात फिरवून पाहा, कापड मऊ लागतं. शीट फक्त वरच्या कडेला, मेंब्रेनच्या शेवटच्या रेषेच्या वर, पट्टीने अडकवा. मध्ये एकही स्क्रू नको. जोडावर कापडाची कड पुढच्या शीटवर चढवा, नाहीतर त्या फटीतून माती आत जाते.

शीट पाणी खाली आणते. पुढे ते कुठे जायचं? हा प्रश्न बहुतेक साइटवर कुणी विचारत नाही. निचऱ्याला बाहेर जायची वाट नसेल तर शीट नुसता काळा प्लास्टिकचा कागद आहे, आणि हौद पहिल्यासारखाच भरतो.

त्यासाठी राफ्टच्या कडेने छिद्रांचा १६० मिमी पीव्हीसी पाइप टाका, छिद्रं खालच्या बाजूला. त्याभोवती निदान १५० मिमी, जागा असेल तर ३०० मिमी, २० मिमीची धुतलेली खडी, आणि हे सगळं जिओटेक्स्टाइलमध्ये गुंडाळलेलं. पाइपचा तळ राफ्टच्या माथ्यापेक्षा खाली हवा, म्हणजे तळघराच्या जमिनीपर्यंत पाणी चढण्याआधी तो ते उचलेल. पण राफ्टच्या तळापेक्षाही खाली नको, नाहीतर पाण्याबरोबर राफ्टखालची माती वाहून जाईल.

उताराचा हिशोब आपल्या उदाहरणात पाहा. एका कोपऱ्यात सम्प धरला तर दोन्ही बाजूंनी सर्वांत लांब वाट ४८ मीटर. १:२०० उतार दिला तर २४ सेंमी उतरतो. पाइपचा तळ सम्पाजवळ राफ्टच्या तळाला, तर उलट टोकाला २४ सेंमी वर, आणि पाइपचा माथा ४० सेंमीवर. राफ्टची कड ६० सेंमी आहे, त्यामुळे पाइप नीट मावतो. १:१०० दिला असता तर टोकाला पाइपचा माथा ६४ सेंमीवर गेला असता, म्हणजे राफ्टच्या वर. मोठा उतार चांगला असं सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येक कोपऱ्यात जमिनीपर्यंत उभा पाइप आणा, पुढे गाळ धुवायला त्यातून जेट सोडता येतो.

सम्पात दोन पंप ठेवा, दोन्हींना फ्लोट स्विच, आणि वीज गेल्यावर चालेल अशी सोय. पाऊस कोसळत असताना वीज जाणं आपल्याकडे नेहमीचं आहे. आणि हेही लक्षात ठेवा: हा थर मेंब्रेनचं काम हलकं करतो, त्याची जागा घेत नाही. पंप बंद पडेल तो दिवस धरूनच मेंब्रेन आणि भिंत बनवायची. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ भूजल बारमाही वर असतं, तिथे सतत पंप चालवून पाणी खाली ठेवायचं असं ठरवूही नका. खर्च परवडत नाही आणि शेजारच्या जुन्या घरांचा पाया खचू शकतो.

भराव

भिंत वरच्या स्लॅबच्या आधारावर डिझाइन केलेली असेल तर तो स्लॅब पडून पक्का होईपर्यंत भराव करू नका. नकाशावर नसेल तर विचारा.

खणून काढलेली काळी माती परत टाकायचा मोह होतो, कारण ती साइटवरच असते. ती ओली झाली की फुगते, भिंतीवर रेटा वाढवते, आणि तिची बारीक चिकण कापडाची छिद्रं भरून निचरा बंद करते. मुरूम टाका, मोठे दगड वेचून. २०० ते ३०० मिमीच्या थरांत पसरवा आणि भिंतीजवळ हलक्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. जेसीबीने वरून एकदम मुरूम ओतला तर बोर्ड आणि शीट खाली ओढली जाते आणि कापड फाटतं. मशीन कडेपासून दूर थांबवा आणि शेवटचा मीटर फावड्याने भरा. सगळ्यात वरचे ३०० मिमी मात्र चिकण मातीचे दाबून घ्या किंवा वर फरशी करा, आणि उतार इमारतीपासून बाहेर ठेवा. वरून पाणी हौदात गेलंच नाही तर खालचं काम सोपं होतं.

गळती दिसली तर

पहिल्या पावसात तळघराची भिंत आतून रोज पाहा. ओलसर डाग दिसला तर आधी ठरवा की पाणी बाहेरून येतंय की हवेतलं साचतंय. जुलैत तळघराच्या थंड भिंतीवर हवेतली बाष्प थेंब होऊन बसते, आणि त्यालाच लोक गळती म्हणतात. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनिअम फॉइलचा एक हात चौरस तुकडा डागावर चारही कडांनी टेपने बंद करा आणि एक दिवस ठेवा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर ते खोलीतल्या हवेचं पाणी आहे, हवा खेळती करा. भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर ती गळती आहे.

गळतीच असेल तर डागाभोवती खडूने रेघ मारून तारीख लिहा. पाऊस थांबल्यावर डाग किती दिवसांनी आटतो, पंप चालवल्यावर तो कमी होतो का, हे पाहा. पंप चालवताच डाग आटत असेल तर मेंब्रेनमध्ये भोक आहे, पण निचरा काम करतोय. पंप चालवूनही पाणी तसंच येत असेल तर पाइप गाळाने भरलाय का ते कोपऱ्यातल्या उभ्या पाइपातून पाहा. पांढरी पूड साचलेली असेल तर पाणी त्या जागेतून बरेच दिवस झिरपत आहे.

अशा जागी भराव उकरून बाहेरून दुरुस्ती करणं क्वचितच शक्य असतं. आतून पॉलियुरेथेन इंजेक्शन करतात: भेगेच्या दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून, साधारण ४५ अंशात तिरपी छिद्रं मारून, जेणेकरून ती भेगेला भिंतीच्या जाडीच्या मध्यात छेदतील, पॅकर बसवून रसायन दाबतात. पाण्याला भेटताच ते फुगून वाट बंद करतं. वाहतं पाणी थांबवायला हे चांगलं आहे. पण एक जागा बंद केली की पाणी शेजारच्या कमकुवत जागेतून डोकावतं, त्यामुळे कंत्राटदाराशी मीटरच्या हिशोबाने नाही, तर ठरावीक भिंतीच्या हिशोबाने करार करा, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंतची जबाबदारी त्यात लिहून घ्या.

दरवर्षी मे महिन्यात उभ्या पाइपांतून पाणी सोडून पाहा. सम्पात ते गढूळ येत असेल तर कापड कुठेतरी फाटलंय. पाणीच येत नसेल तर पाइप तुंबलाय. दोन्ही पंप फ्लोट हाताने उचलून चालू करून पाहा, वीज तोडून बॅकअपही.